‘खाते उघडा’ हे बटण नेमके काय उघडते?

बँकेचे बचत खात्याचे पान मोबाइलवर उघडले, की बहुतेक ठिकाणी वर हसऱ्या कुटुंबाचा फोटो, खाली व्याजदराचा मोठा आकडा आणि त्याखाली एक रंगीत बटण दिसते. बटणावर दोन-तीनच शब्द असतात: ‘खाते उघडा’, ‘आत्ताच अर्ज करा’, ‘सुरुवात करा’. जाहिरात आणि वेबसाइटच्या धंद्यातली माणसे अशा बटणाला ‘सीटीए’ म्हणतात, म्हणजे कॉल टू ॲक्शन. पानावरचा बाकीचा मजकूर लोक वरवर चाळतात, पण पुढे जायचे असेल तर बटणाशी यावेच लागते आणि त्यावरचे शब्द वाचावेच लागतात. मार्केटिंगवाल्यांना ते शब्द खेचून घेणारे हवे असतात, कायदा विभागाला अंगाशी न येणारे, आणि डिझाइनरला एका ओळीत मावणारे. ज्याला खाते हवे आहे त्याला काय हवे असते, हा प्रश्न या ओढाताणीत बऱ्याचदा राहूनच जातो. त्याचे उत्तर तसे साधे आहे. हे दाबले तर पुढे काय होणार, एवढेच त्याला कळायला हवे असते.

बचत खात्याच्या बाबतीत हे सांगणे वाटते तितके सोपे नाही, कारण बटण दाबल्यावर खाते उघडत नाही. आधी मोबाइल क्रमांक आणि त्यावरचा ओटीपी. मग पॅन. मग आधार क्रमांक आणि आणखी एक ओटीपी. त्यानंतर पत्ता, व्यवसाय, उत्पन्न, वारसाचे नाव. क्रम बँकेगणिक बदलतो, पण ही यादी फारशी टळत नाही. इथे थांबले, म्हणजे समोरासमोर न भेटता केवळ आधारच्या ओटीपीवर काम भागवले, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार मिळणारे खाते मर्यादित असते. त्या ग्राहकाच्या अशा सगळ्या ठेव खात्यांत मिळून शिल्लक 1 लाखाच्या वर जाऊ शकत नाही, एका आर्थिक वर्षात 2 लाखांपेक्षा जास्त रक्कम जमा होऊ शकत नाही, आणि वर्षभरात पूर्ण ओळख पटवली नाही तर खाते बंद करावे लागते.

पूर्ण खाते हवे असेल तर शाखेत जा, नाहीतर व्हिडिओ केवायसी करा. जानेवारी 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने ही व्हिडिओची वाट खुली केली. तिच्यात बँकेचा जिवंत माणूस पलीकडे असावा लागतो, ग्राहकाने मूळ पॅन कार्ड कॅमेऱ्यासमोर धरावे लागते, आणि ग्राहक भारतातच आहे याची खात्री मोबाइलच्या लोकेशनवरून होते. एवढे झाल्यावरही खाते लगेच वापरता येत नाही. व्हिडिओवरून उघडलेले खाते समवर्ती लेखापरीक्षण, म्हणजे बँकेतले लोक ज्याला कन्करंट ऑडिट म्हणतात, ते झाल्याशिवाय चालू करायचे नाही, असा नियम आहे.

आता त्या पहिल्या पानावरचे ‘आत्ताच खाते उघडा’ पुन्हा वाचा. त्यातला ‘आत्ताच’ खरा नाही, आणि ‘उघडा’ हे क्रियापद ग्राहकाच्या हातातलेही नाही. खाते बँक उघडते. ग्राहक अर्ज करतो.

समजा, नाशिकची एक शिक्षिका रात्री साडेनऊला, घरची कामे आवरून, हे बटण दाबते. मोबाइल क्रमांक देते, ओटीपी टाकते, पॅन टाकते. आधारच्या पडद्यावर ‘ओटीपी पाठवा’ दाबते आणि वाट बघत बसते. ओटीपी येत नाही. तीनदा दाबते, तरी येत नाही. झाले असे असते, की आधारचा ओटीपी बँकेला दिलेल्या क्रमांकावर येतच नाही. आधारशी जो क्रमांक जोडलेला आहे त्यावर येतो. तिने आधार काढले तेव्हा वडिलांचा क्रमांक दिला होता. म्हणजे तीन ओटीपी वडिलांच्या फोनवर पोचले आहेत, आणि ते कोणालाही सांगू नयेत असे त्या प्रत्येक मेसेजमध्ये लिहिलेले आहे. वडिलांना फोन करून तिने एकदाचा आकडा मिळवला, रकाने भरले, ‘पुढे जा’, ‘पुढे जा’ करत शेवटी व्हिडिओ कॉलच्या पडद्यावर पोचली, तर तिथे ओळ असते: आमचे प्रतिनिधी सकाळी 10 ते संध्याकाळी 6 या वेळेत उपलब्ध आहेत.

यातल्या दोन अडचणी शब्दांनी सुटणाऱ्या होत्या. ‘ओटीपी पाठवा’च्या जागी ‘आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवा’ असते, तर तिला बटण दाबण्यापूर्वीच वडिलांचा फोन आठवला असता. एवढे शब्द लहान पडद्यावर दोन ओळी घेतात, म्हणून डिझाइनर कुरकुर करतो. त्याची सोय अशी करता येते, की बटणावर ‘आधार ओटीपी पाठवा’ ठेवायचे आणि अगदी त्याच्या वर, खाली नव्हे, एक ओळ द्यायची: ‘ओटीपी तुमच्या आधारशी जोडलेल्या क्रमांकावर येईल.’ वर अशासाठी, की बटणाखालची ओळ बटण दाबून झाल्यावर कोण वाचतो? शिवाय रकाना भरताना मोबाइलचा कीबोर्ड वर येतो तेव्हा खालचा भाग झाकलाच जातो.

दुसरी अडचण पहिल्याच पानावर सोडवायला हवी होती. तिथे बटण ‘अर्ज सुरू करा’ असावे, आणि त्याच्या वर साध्या भाषेत: ‘आधार क्रमांक आणि मूळ पॅन कार्ड जवळ ठेवा. शेवटी व्हिडिओ कॉल असतो, तो सकाळी 10 ते संध्याकाळी 6 या वेळेत. बाकीचा अर्ज केव्हाही भरता येतो.’ व्हिडिओच्या पडद्यावर एकाऐवजी दोन बटणे लागतील, ‘व्हिडिओ कॉल सुरू करा’ आणि ‘कॉलची वेळ ठरवा’. रात्री साडेनऊला पहिले बटण दाखवूच नये.

मार्केटिंगवाल्यांचा यावरचा आक्षेप मला पाठ आहे: एवढे सगळे आधी सांगितले तर लोक पळून जातील. काही जातीलही. पण जे पॅन कार्ड हाताशी नसल्यामुळे शेवटी जाणारच आहेत, त्यांनी पहिल्या पानावरूनच जाऊन उद्या परत येणे बँकेच्या फायद्याचे. अर्ध्यात अडकलेला माणूस चिडून जातो, आणि त्याचा अर्धवट अर्ज बँकेच्या कॉल सेंटरवर येऊन पडतो. मग त्याला आठवड्यातून दोनदा फोन.

या क्षेत्रात दोन उदाहरणे नेहमी दिली जातात. पहिले गूगलचे. हॉटेल शोधण्याच्या सोयीत त्यांच्या बटणावर ‘बुक अ रूम’ होते. ते बदलून ‘चेक अव्हेलेबिलिटी’ केले, आणि प्रतिसाद 17 टक्क्यांनी वाढल्याचे त्यांच्याच लोकांनी 2017 च्या परिषदेत सांगितले. तारखा आणि भाव नुसते बघणाऱ्या माणसाला ‘खोली बुक करा’ म्हटले की तो बिचकतो. तो जिथे उभा आहे तिथले पुढचे पाऊल म्हणजे खोली आहे का ते बघणे, आणि नव्या शब्दांनी तेवढेच मागितले.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले जॅरेड स्पूल यांनी 2009 मध्ये लिहिले. एका मोठ्या दुकानाच्या वेबसाइटवर सामान निवडून झाल्यावर पैसे भरण्यापूर्वी ‘रजिस्टर’ असे बटण येत असे. त्याच्या जागी ‘कंटिन्यू’ आले, आणि सोबत एक ओळ आली, की खरेदीसाठी खाते काढायची गरज नाही. खरेदी पूर्ण करणारे 45 टक्क्यांनी वाढले आणि पहिल्या वर्षात विक्रीत 30 कोटी डॉलरची भर पडली. हे उदाहरण सांगताना लोक ‘एका शब्दाची किमया’ म्हणून सांगतात, तिथे मला थांबवावेसे वाटते. तिथे शब्दाबरोबर अटही गेली होती. नोंदणीची सक्ती तशीच ठेवून नुसते ‘कंटिन्यू’ लिहिले असते, तर लोक एक पडदा पुढे जाऊन तिथे अडले असते. बँकेला केवायसीची अट काढून टाकता येत नाही. म्हणून बँकेच्या बटणाचे काम अट लपवण्याचे नसून ती योग्य वेळी आणि एकेका तुकड्याने समोर ठेवण्याचे आहे.

लपवण्याचे प्रकार मात्र सर्रास चालतात. ‘7 टक्के व्याज मिळवा’ हे बटण घ्या. ऑक्टोबर 2011 पासून बचत खात्याचा दर ठरवायला बँका मोकळ्या आहेत, पण 1 लाखापर्यंतच्या शिलकीला सगळ्यांना एकच दर द्यायचा आणि त्यावरच्या रकमेला वेगळा दर देता येतो, अशी रचना आहे. मोठ्या अक्षरातला आकडा बहुधा वरच्या टप्प्याचा असतो. ज्याच्या खात्यात महिनाभर 20 हजार राहणार आहेत, त्याच्या बाबतीत त्या बटणाने दिलेले वचन पहिल्या दिवसापासून खोटे. ‘मोफत खाते उघडा’चेही तसेच. किमान शिलकीची अट नसलेले मूलभूत बचत खाते असेल तर शब्द ठीक आहे. मासिक सरासरी शिल्लक ठेवायला लावणाऱ्या खात्यावर तो शब्द दंडाच्या पहिल्या मेसेजपर्यंतच टिकतो.

आणि मग नकाराचे बटण. अर्जाच्या मध्येच अपघात विमा किंवा जास्त शुल्काचे डेबिट कार्ड पुढे केले जाते. ‘होय, माझ्या कुटुंबाला संरक्षण हवे’ हे मोठ्या हिरव्या बटणावर, आणि खाली फिकट अक्षरात ‘नको, मला कुटुंबाची काळजी नाही’. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला ज्या 13 फसव्या रचना नियमांखाली आणल्या, त्यांत हा प्रकार स्वतंत्र नावाने आहे: नकार देणाऱ्याला लाज वाटेल असे शब्द वापरणे. खोटी घाई करणेही त्याच यादीत आहे, आणि ग्राहकाला न विचारता एखादी सेवा गळ्यात मारणेही. ‘नको’ची जागा ‘विमा नको, पुढे जा’ एवढीच आणि ‘होय’च्या बटणाइतकीच ठळक असायला काहीच हरकत नाही.

घाईच्या शब्दांबद्दल बँकांनी आणखी एका कारणाने विचार करावा. ‘तुमचे खाते आज बंद होईल, ताबडतोब केवायसी अपडेट करा’ असे मेसेज चोर पाठवतात, आणि त्यातली लिंक खोट्या पानावर नेते. खऱ्या बँकेची पाने ओळखता यावीत म्हणून रिझर्व्ह बँकेने बँकांना `.bank.in` या पत्त्यावर जायला सांगितले. एकीकडे ‘घाई करणाऱ्या मेसेजवर विश्वास ठेवू नका’ असे फलक शाखेत लावायचे आणि दुसरीकडे स्वतःच्याच पानावर ‘त्वरा करा, आजच उघडा’ म्हणायचे, यात ग्राहकाने काय शिकायचे?

संमतीचे बटण हा वेगळा विषय आहे. ‘पुढे जा’ या बटणाखाली बारीक अक्षरात ‘पुढे गेल्यास आपण सर्व अटी मान्य करता’ असे लिहून मोकळे होण्याची पद्धत जुनी आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमती स्पष्ट, नेमक्या कामापुरती आणि ठळक कृतीतून दिलेली हवी असे म्हटले आहे, आणि संमतीची मागणी इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यायला लावला आहे. म्हणजे मराठीतही. ब्रिटनच्या सरकारी वेबसाइटची पद्धत इथे शिकण्यासारखी आहे. तिथे साध्या पडद्यांवर ‘कंटिन्यू’ असते, पण जिथे माणूस काहीतरी मान्य करून पाठवतो, तिथे बटणावरच ‘ॲक्सेप्ट अँड सेंड’ लिहितात. आपल्याकडे शेवटच्या पडद्यावर ‘अटी मान्य, अर्ज पाठवा’ असे लिहिले तर बोट टेकवताना आपण दोन गोष्टी करतो आहोत हे कळते. इथे ‘खाते उघडा’ नको, कारण ऑडिट बाकी आहे. पुढच्या पडद्यावर ‘अर्ज मिळाला. तपासणी झाल्यावर खाते क्रमांक एसएमएसने येईल’ असे आले, की कोणी उगाच पैसे पाठवायच्या मागे लागत नाही.

मराठी पानांची दैना वेगळीच. बरीच पाने इंग्रजीवरून उतरवलेली असतात, आणि ‘सबमिट’चे ‘सादर करा’ होते. सादर करायला तो काय नाच आहे? ‘पाठवा’ पुरते. बोलताना आपण ‘बँकेत खाते काढले’ म्हणतो, पण बटणावर ‘खाते काढा’ घातक, कारण त्याच ॲपमध्ये दोन पडदे पुढे ‘पैसे काढा’ असते आणि लाभार्थीच्या नावापुढे ‘काढा’ म्हणजे यादीतून वगळा. ‘पुढे चला’ म्हटले की बसमधला कंडक्टर आठवतो, ‘पुढे जा’ चालते. शब्द नीट असले तरी अक्षरे नीट दिसतीलच असे नाही: इंग्रजीसाठी आखलेल्या बटणाची उंची देवनागरीला कमी पडते आणि वेलांटी, रफार किंवा खालचा उकार कापला जातो. कारागिराच्या मोठ्या संगणकावर हे दिसत नाही. स्वस्तातल्या फोनवर, अक्षरांचा आकार एक घर वाढवून बघितले की लगेच दिसते. आणि जे डोळ्यांनी वाचत नाहीत, फोन वाचून दाखवतो ते ऐकतात, त्यांच्यापर्यंत बटणाचे नुसते नावच पोचते. आजूबाजूच्या संदर्भाशिवाय ऐकलेले ‘येथे क्लिक करा’ त्यांना काहीच सांगत नाही.

एवढे सगळे पटले, तरी बँकेतला कोणीतरी शेवटी विचारतोच, की आकडे काय सांगतात. पद्धत जुनी आहे. क्लॉड हॉपकिन्स या अमेरिकी जाहिरातवाल्याने 1923 च्या आपल्या पुस्तकात कूपन मोजून जाहिराती पारखायला सांगितले होते: वेगवेगळ्या जाहिरातींच्या कूपनवर वेगवेगळी खूण छापायची आणि कोणते किती परत येतात ते बघायचे. आज येणाऱ्यांपैकी निम्म्यांना एक बटण आणि निम्म्यांना दुसरे, एकाच काळात दाखवतात. एकाच काळात हे महत्त्वाचे, कारण पगाराच्या आठवड्यात एक आणि महिनाअखेरीस दुसरे दाखवले तर तुलना पगाराचीच होते.

एक हिशेब करून बघू. आकडे समजावण्यापुरते घेतलेले आहेत. 10 हजार जणांना ‘आत्ताच खाते उघडा’ दाखवले, 600 जणांनी दाबले, 90 खाती चालू झाली. दुसऱ्या 10 हजारांना ‘अर्ज सुरू करा’ आणि वरची तयारीची ओळ दाखवली, 500 जणांनी दाबले, 110 खाती झाली. नुसते दाबणारे मोजणारा पहिल्याला विजयी ठरवेल आणि बैठकीत टाळ्या घेईल. खाती मोजणारा दुसऱ्याला. पण थांबा, 90 आणि 110 मधला फरक योगायोगाने पडला नसेल कशावरून? त्यासाठी ढोबळ कसोटी अशी: दोन्ही गट सारखे असतील आणि मोजलेल्या घटना विरळ असतील, तर दोन्ही आकड्यांची बेरीज करा, तिचे वर्गमूळ काढा, दुप्पट करा. फरक त्याहून मोठा हवा. बेरीज 200, वर्गमूळ सुमारे 14, दुप्पट 28. फरक फक्त 20. म्हणजे अजून काही सिद्ध झालेले नाही. हेच प्रमाण ठेवून प्रत्येकी 40 हजार लोक आले, तर 360 आणि 440 खाती होतील. बेरीज 800, वर्गमूळ सुमारे 28, दुप्पट 56 च्या आसपास, आणि फरक 80. आता बोलता येईल.

चौपट लोक लागले याचा अर्थ लहान सहकारी बँकेला अशी चाचणी अनेक महिने चालवावी लागेल. आणि ती रोज सकाळी उघडून बघायची, पाहिजे तो निकाल दिसला की त्या दिवशी बंद करायची, ही खोड लागली तर वरची कसोटी निरुपयोगी होते. किती लोकांवर थांबायचे ते आधीच लिहून ठेवायचे असते. लहान बँकेला स्वस्तात जमणारे काम दुसरेच आहे. शाखेत येणाऱ्या पाच-सहा जणांच्या हातात फोन द्यावा आणि प्रत्येक बटणावर बोट थांबवून विचारावे, ‘हे दाबल्यावर काय होईल असे वाटते?’ उत्तर आणि पुढचा पडदा जुळत नसेल, तर ते बटण बदलायचे.

कोणत्या पडद्यावर किती जण गळतात याची नोंद बँकेकडे असतेच, आणि तीही वाचण्यासारखी असते. गळती आधारच्या पडद्यावर असेल तर ओटीपीची ती ओळ आधी तपासावी. गळती व्हिडिओ कॉलला, आणि कारण ‘लोकेशन भारताबाहेर’ असे असेल, तर पहिल्या पानाने चुकीच्या माणसांना आत घेतले आहे. दुबईत नोकरी करणारा चिपळूणचा मुलगा सुटीपूर्वी तिथूनच खाते काढायला बसतो. व्हिडिओ केवायसीच्या यंत्रणेने भारताबाहेरून येणारी जोडणी अडवावी असा नियमच आहे, आणि अनिवासी भारतीयाला साधे निवासी बचत खाते चालतही नाही, त्याला एनआरई किंवा एनआरओ खाते लागते. ‘अर्ज सुरू करा’च्या खाली ‘मी परदेशात राहतो / राहते’ असे दुसरे, साधे बटण ठेवले, तर तो सरळ योग्य पानावर जातो आणि आधारचा ओटीपी वाया घालवत नाही.